कोरी कॉफी

कॉफी मी केली होती. हे आधीच सांगतो, कारण पोलिसांनी घेतलेल्या जबाबात ते कुठंच आलेलं नाही. कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

जानेवारीतली गोष्ट. अवधूतच्या लग्नाला चार दिवस राहिले होते आणि यवतेश्वरच्या पठारावर त्याच्या मामांच्या फार्महाऊसवर आम्ही सात जण जमलो होतो. मी पीत नाही, म्हणून बर्फ, सोडा, शेंगदाणे सगळं माझ्याकडे. निखिलचा पहिला पेग दहाला भरला, शेवटचा दोनला. एकूण पाच, सगळे लार्ज. भरणारा मीच, म्हणून हिशोब पक्का आहे.

निखिलची ताई मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघाली होती, साडेचारला साताऱ्याच्या स्टँडवर उतरणार होती. सोबत तीन वर्षांची सई. "मी येतो घ्यायला, तू रिक्षा करू नकोस," असं त्यानं संध्याकाळीच फोनवर सांगून टाकलं होतं. निखिल शब्दाला पक्का. त्याचं हे मला नेहमी आवडायचं.

सव्वातीनला त्यानं मला उठवलं. "आशू, कॉफी कर. कोरी, एकदम कडक. साखर नको."

मी तीन पुड्या एका पेल्यात ओतल्या. तो बाहेर मोरीपाशी गेला आणि बॅरलमधलं पाणी तांब्या-तांब्यानं डोक्यावर घ्यायला लागला. पठारावरची जानेवारीतली पहाट म्हणजे बॅरलच्या पाण्यात बोट घातलं तर हाड दुखतं. अकरा तांबे घेतले त्यानं. आत आला तेव्हा ओठ निळे पडले होते आणि अंगातून वाफ निघत होती. कॉफी उभ्या उभ्याच प्यायला. तळाशी राहिलेला गाळ बोटानं चाटला, तोंड कडू केलं आणि हसला.

"बघ. उतरली."

खरंच उतरल्यासारखी दिसत होती. ओसरीच्या फरश्यांच्या रेघेवरून तो सरळ चालून दाखवत होता. एका पायावर उभा राहिला. पंधरा पावलांवरून अवधूतच्या बुलेटचा नंबर वाचला. बोलणं स्वच्छ, डोळे टक्क उघडे. मी त्याच्यापेक्षा जास्त पेंगत होतो.

फार्महाऊस सांभाळणारे शंकरमामा शेकोटीपाशी बसले होते. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते ते. म्हणाले, "निखिलराव, झोपा गुमान. ताईस्नी रिक्षा मिळंल."

"मामा, मी एकदम फ्रेश आहे. कॉफी घेतलीय, आंघोळ केलीय."

"त्यानं झोप जाती, दारू न्हाय जात. तिला तिच्या टायमानंच जावं लागतंय."

निखिलनं मामांच्या खांद्यावर हात ठेवला, "काळजी करू नका," म्हणाला आणि किल्ली घेतली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला गाडी चालवता येत नाही. पण किल्ली लपवायला लायसन लागत नाही, हे मला त्या वेळी सुचलं नाही. सुचलं असतं तरी केलं असतं का, याचं उत्तर मी अजून स्वतःला दिलेलं नाही. त्यानं रेघेवरून चालून दाखवलं होतं आणि माझा विश्वास बसला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

चारला निघालो. धुकं फार नव्हतं. घाट उतरताना खाली साताऱ्याचे दिवे, पलीकडं अजिंक्यताऱ्याचा काळा उंचवटा. निखिल मजेत होता, सईसाठी चिक्की घेतलीय म्हणून सांगत होता. दोन वळणं त्यानं छान घेतली. तिसऱ्याला चाक किंचित बाहेर गेलं, कडेची खडी वाजली. "थंडीनं हात आखडलेत," म्हणाला.

पुढच्या वळणाआधी खाली एक लाल दिवा दिसला. मोटरसायकल, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. पठारावरच्या वाड्या-वस्त्यांवरून रोज पहाटे दूध असंच साताऱ्यात उतरतं. वळण आलं म्हणून त्या माणसानं वेग कमी केला होता.

"पुढं दूधवाला आहे," निखिल म्हणाला.

हे तो म्हणाला, मी नव्हे. त्याला दिसलं होतं. माझ्या आधी दिसलं होतं. वाक्य पूर्ण झालं, मी मान हलवली, लाल दिवा मोठा होत गेला आणि मी त्याच्या पायाकडं पाहिलं. पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता. मी ओरडलो तेव्हा तो ब्रेकवर गेला.

मला आवाज आठवत नाही. हेडलाइटच्या उजेडात डांबरावरून उतारानं पळणारं दूध आठवतं. ते पांढरं पाणी आमच्या पुढं पुढं वळणापर्यंत गेलं आणि गटारात उतरलं. एक किटली बराच वेळ गडगडत होती. तो माणूस कठड्याला टेकून बसला होता आणि स्वतःच्या डाव्या मांडीकडं बघत होता, जणू ती दुसऱ्या कुणाची आहे. "पावणं, इंडिकेटर दिला हुता की मी," एवढंच म्हणाला.

108 ला फोन मी केला. निखिल रस्त्यावर बसला होता, पँट दुधानं भिजलेली. सारखं एकच म्हणत होता, "मी जागा होतो रे. मी पूर्ण जागा होतो."

सरकारी दवाखान्यात साडेपाचला त्याच्या रक्ताचा नमुना घेतला. रिपोर्ट नंतर आला: 100 मिलिलिटर रक्तात 98 मिलिग्रॅम. कायद्याची मर्यादा 30. कलम 185 लागलं, शिवाय दुखापतीचं वेगळं. ड्युटीवरच्या डॉक्टर बाई आमच्याच वयाच्या असतील. मी त्यांना कॉफीचं सांगितलं. साऱ्या जगात फक्त त्यांनाच सांगितलं होतं, आज तुम्हाला सांगतोय. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दारू यकृत काढतं. तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम. गार पाण्यानं, कॉफीनं, लिंबानं त्याचा वेग वाढत नाही. कॉफीनं फक्त माणसाला वाटतं की आपण ठीक आहोत." त्या आकड्यावरून मी नंतर हिशोब घातला. 98 वरून 30 वर यायला आणखी साडेचार तास. म्हणजे सकाळचे दहा. आम्ही निघालो होतो चारला.

ताई सहा वाजेपर्यंत स्टँडवर बसून होती. सई बॅगेवर डोकं ठेवून झोपली होती. शेवटी तिनं रिक्षा केली. साठ रुपये झाले.

मार्चमध्ये मी आणि निखिल त्या दूधवाल्यांच्या घरी गेलो. तानाजीकाका. मांडीत रॉड घातला होता, खाटेवर बसून होते. निखिलनं आणलेलं पाकीट त्यांनी उशीखाली ठेवलं, मोजलं नाही. दवाखान्याचं, कोर्टाच्या तारखेचं थोडं बोलणं झालं. मग कुणालाच काही सुचेना. दारात गोठा होता. दोन दावी खुंट्यांना नीट गुंडाळून ठेवली होती.

काकू आतून चहा घेऊन आल्या. निखिलनं कप हातात घेतला आणि तसाच थांबला. चहा कोरा होता.

"दूध न्हाय बगा घरात," काकू पदरानं हात पुसत म्हणाल्या. "म्हशी इकल्या संक्रांतीनंतर. धारा मी काढायची, पर साताऱ्याला घालणार कोण?"

निखिलनं तो चहा सगळा प्यायला. तळापर्यंत.