रात्रपाळीचा कंडक्टर

कोल्हापूर मध्यवर्ती बसस्थानक, रात्र. फलाटावर पुण्याची एसटी. कॅमेरा खांद्यावर, प्रश्न विचारायचे नाहीत.

जवळून: दुमडलेल्या खाकी बाह्या, तिकिटाचं मशीन. बोटं न बघता नोटा मोजतात. (कापू नका, लांबू दे.)

कंडक्टर: "सुट्टं द्या की मावशी. अर्ध्या तिकिटाला पाचशेची नोट?"
मावशी: "सकाळपासनं हीच फिरवतोय बघा."

निवेदन: एसटीत महिलांना निम्मं भाडं २०२३ पासून. सुट्ट्यांची कटकट त्याच्या कितीतरी आधीची.

घंटी दोनदा. गाडी हलते.

किणी टोलनाका. आतले दिवे बंद. मोबाईलच्या उजेडात हिशेब.

कराड. झोपलेल्या पोराला हलवत: "उठ, कराड आलं."
पोरगं उतरतं.
कंडक्टर, दारातून: "अरं, चप्पल राहिली!"