कन्सोल, कूलर आणि लाईट बिल: आधी पूर्ण वाचा, मग बोंबला

पोट्टेहो, मेसेज मोठा आहे, माहीत आहे मला, पण बिल आल्यापासून ग्रुपवर जे चालू आहे ते वाचण्यापेक्षा हा वाचायला कमीच वेळ लागेल. एप्रिलचं बिल ४१२ युनिट, ५,२४० रुपये. प्रज्वल म्हणते कूलरमुळे, वेदांत म्हणते तुमच्या प्लेस्टेशनमुळे, आणि हिमांशू काहीच म्हणत नाही कारण त्याचे मागच्या महिन्याचेच बाकी आहेत. म्हणून मी एका सिनियरकडून तो प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला आणि हॉलच्या बोर्डाला लावून ठेवला. आकडे सांगतो, मग नियम सांगतो, पटले नाही तर बदलू.

गेम चालू असताना पीएस५ साधारण २०० ते २१० वॅट ओढते, टीव्ही ७५ च्या आसपास. म्हणजे दोन्ही मिळून तासाला ०.२८ युनिट, साडेतीन तास खेळलं की एक युनिट. नुसती होम स्क्रीन उघडी ठेवली तरी ५० वॅट जातात, आणि गेम पॉज करून कोणी तर्री पोहे खायला खाली उतरला तर तो पॉज झालेला गेम जवळपास तेवढीच लाईट खात राहते जेवढी खेळताना खाते. रेस्ट मोडमध्ये मात्र वॅट-दीड वॅट, कंट्रोलर चार्जिंगला असला तर थोडं जास्त. त्यामुळे "रात्रभर तो केशरी लाईट चालू असतो म्हणून बिल येते" हे वेदांतचं म्हणणं चूक आहे भाऊ, सॉरी.

आता कूलर. तीन कूलर आहेत, एकेक १६० वॅटच्या आसपास, बेडरूमचे रात्रभर आणि हॉलचा दिवसभर, महिन्याला दीडशे युनिट तिथेच गेले. पंखे शंभर, फ्रीज तीस-पस्तीस, बाकी लॅपटॉप, लाईट, मशीन, पाण्याची मोटर. कन्सोल आणि टीव्ही मिळून रोज सरासरी साडेचार तास चालते असं धरलं तर महिन्याचे ३८ युनिट. म्हणजे प्रज्वल बरोबर आहे, बिल कूलरनेच चढवलं.

पण थांबा, वेदांतही पूर्ण चुकीचा नाही. आपलं बिल सरळ रेषेत वाढत नाही ना. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याच्याहून महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग, आणि ५०० च्या वर तर बघायचंच नाही. कन्सोल नसतं तर ३७४ युनिट आले असते, म्हणजे हे ३८ च्या ३८ युनिट त्या महागड्या स्लॅबमध्ये पडले. वरून वहन आकार, मग सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, असं सगळं धरलं तर त्या स्लॅबचा एक युनिट सोळा रुपयांच्या घरात जाते. सरासरी काढली तर पावणेतेरा येते, पण सरासरी लावणं वेदांतवर अन्याय आहे, कारण गेम ही काही फ्रीजसारखी गरज नाही, ती वरून आलेली चैन आहे, तर तिला वरचाच दर लागला पाहिजे. (कूलरपण चैन आहे असं कोणी म्हणू नका, मे महिन्यात नागपुरात कूलर म्हणजे जगणं आहे.)

तर माझं म्हणणं असं, की खेळायचे तासाला ५ रुपये. ०.२८ गुणिले सोळा साडेचार येते, सुट्ट्याच्या भानगडीत कोण पडते, पाच धरा. दोघं मिळून खेळले तर अडीच-अडीच, चौघं बसले तर सव्वा-सव्वा. जो नुसता सोफ्यावर बसून "पास दे ना बे" ओरडते त्याला काही नाही. बाहेरचा मित्र आणला तर ज्याने आणला त्याच्या खात्यात. कन्सोलवर यूट्यूब बघितलं तर तासाला २ रुपये, पण त्यापेक्षा टीव्हीवरच बघा ना यार, टीव्हीत आहे ते, कन्सोल काहून चालू करता.

महिन्याच्या शेवटी एकूण बिलातून हे तासांचे पैसे वजा करायचे, उरलेले पाच जणांत सारखे. एप्रिलवर लावून दाखवतो, तास अंदाजाने धरले आहेत: अनिकेत ५०, प्रज्वल ४०, हिमांशू ३०, मी १५, वेदांत शून्य, एकूण १३५ तास, ६७५ रुपये. ५,२४० मधून ६७५ गेले, उरले ४,५६५, प्रत्येकी ९१३. म्हणजे अनिकेतचे १,१६३, प्रज्वल १,११३, हिमांशू १,०६३, मी ९८८ आणि वेदांत ९१३. आधी सगळ्यांचे १,०४८ होते. बघा, एवढ्या भांडणानंतर सगळ्यात जास्त भरणाऱ्याला फरक पडते ११५ रुपयांचा. यासाठी दोघं जण दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत!

कोणी पंधरा दिवसांपेक्षा जास्त गावी गेला तर त्याच्या सारख्या वाट्यातला अर्धा माफ, बाकी चौघांवर. पूर्ण माफ नाही, कारण स्थिर आकार आणि फ्रीज तुम्ही भंडाऱ्याला असले तरी चालूच असतात. पंधरा दिवसांच्या आतली सुट्टी मोजायची नाही, नाहीतर शनिवार-रविवार घरी जाणारे पण हिशोब मागतील.

तास लिहायची कॉपी टीव्हीच्या खाली ठेवली आहे, पेन दोऱ्याने बांधलं आहे. नाव, बसलो कधी, उठलो कधी, बस. ज्याने लिहिलं नाही आणि कन्सोलच्या प्ले टाइममध्ये तास दिसले, त्याला डबल. त्यासाठी प्रत्येकाने आपला युजर वेगळा बनवा, सगळे अनिकेतच्या नावाने खेळतात म्हणून कोणाचे किती तास ते कळतच नाही आणि वर त्याचा सेव्ह पण उडतो. त्याने घेतलेले गेम आपल्या युजरवरून चालतात, फक्त त्याच्या अकाउंटमधून हे चालू असलं पाहिजे: Settings > Users and Accounts > Other > Console Sharing and Offline Play. अनिकेत, आज रात्री बघून घे.

आता खरा झगडा, जो पैशांचा नाहीच. तो आहे संध्याकाळी सात ते अकराचा. सकाळी दहा वाजता कन्सोल धूळ खात असते आणि रात्री आठला चौघांनाही तेव्हाच खेळायचं असते. म्हणून सात ते अकरा एकेक तासाचे चार स्लॉट, ज्याला पाहिजे त्याने दुपारी चारच्या आत ग्रुपवर टाकायचं, एकाला एकच. दोघांना एकच स्लॉट पाहिजे असला तर ज्याला काल मिळाला नाही त्याचा. दहा मिनिटांत आला नाही तर स्लॉट गेला, मग खालून "येऊन रायलो, येऊन रायलो" असे मेसेज करायचे नाहीत. वेळ संपली तेव्हा मॅच चालू असली तर ती संपवायची, पण नवीन सुरू नाही. "ही शेवटची बे" हे वाक्य या फ्लॅटमध्ये आजपासून बंद, प्रज्वल, तुझ्यासाठीच आहे हे. सातच्या आधी आणि अकराच्या नंतर जो आधी बसला त्याचा, पण दुसरा वाट बघत असला तर दोन तासांच्या वर नाही.

शनिवारची रात्र अनिकेतची. कन्सोल त्याच्या घरून आलं आहे, तो भाडं मागत नाही, एवढं तर बनते. तासाचे पैसे मात्र तोही देईल, लाईट कोणाच्या बापाची नाही. आणि खेळणारे आपण चौघं महिन्याला पन्नास-पन्नास वेगळे काढू, कंट्रोलरसाठी. डावा स्टिक आत्ताच आपोआप सरकते आहे, खेळाडू उभा असतानाही पळून रायला, दोन-तीन महिन्यांत दुरुस्तीला न्यावाच लागेल, तेव्हा कोणी आपटला यावर कोर्ट भरवायचं नाही. आपटताना रंगेहाथ सापडला तर मात्र पूर्ण खर्च त्याचा.

अकराच्या नंतर स्पीकर बंद, हेडफोन. कंट्रोलरलाच पिन आहे, साधा मोबाईलचा हेडफोन चालते. वेदांत सकाळी पाचला उठून एमपीएससीचा अभ्यास करते, त्याच्या भिंतीपलीकडे आपण गोल झाला म्हणून गच्ची डोक्यावर घेतो, हे बरोबर नाही. कोणाचाही दुसऱ्या दिवशी पेपर असला तर आदल्या संध्याकाळी हॉल शांत. सायंकाळचे चारही स्लॉट रद्द. पेपर बॅकचा असला तरी.

उन्हाचं पण ऐका, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते. कन्सोल ५ ते ३५ डिग्रीच्या खोलीत चालवायचं असते, तसं त्याच्या सूचनांतच दिलेलं असते. आपला हॉल पश्चिमेला, बाहेर ४५, आणि दुपारी तीनला आतला पंखा नुसती गरम हवा फिरवते. तेव्हा एक ते पाच, कूलर बंद असला तर कन्सोल पण बंद. आणि कूलर चालू असला म्हणून ते कूलरच्या तोंडासमोर ठेवायचं नाही, ती हवा ओली असते, आत ओल गेली तर खल्लास. सध्या ते टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबलं आहे, मागून हवा जायला जागाच नाही, आजच बाहेर काढून वरती मोकळ्यावर ठेवतो. जाळीवरची धूळ ज्याची झाडूची पाळी त्याने आठवड्याला पुसायची.

लाईट गेली तर लगेच बटण बंद करा आणि आल्यावर पाच मिनिटं थांबून मग लावा, कारण ती आली की दोनदा-तीनदा झटके देऊन येते. इन्व्हर्टरवर कन्सोल लावायचं नाहीच. तो दोन पंखे आणि राऊटरसाठी आहे, मागच्या वेळी अर्ध्या तासात बसला आणि रात्री तीनला सगळे गच्चीवर झोपायला गेलो.

शेवटचं, मे महिना एप्रिलपेक्षा वाईट जाणार आहे, ५०० पार होऊ शकते. म्हणून मी दर १ तारखेला आणि २० तारखेला मीटरचा फोटो ग्रुपवर टाकीन. वीसलाच ३२० च्या वर दिसलं तर उरलेले दिवस हॉलचा कूलर दुपारी एक ते पाचच, आणि कन्सोल रोज दोन तास. सगळ्यांसाठी, कन्सोलच्या मालकासकट.

रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळेला बसू, ज्याला जे बदलायचं ते तेव्हा सांगा, नाही बोललात तर मंजूर समजून सोमवारपासून चालू. वॅटमीटर परत द्यायचा आहे, ज्याला माझ्या आकड्यांवर भरोसा नाही त्याने शनिवारपर्यंत स्वतः मोजून घ्या. आणि हिमांशू, मागचे ८६० आधी पाठव, मग स्लॉट माग.

— सौरभ