पाच पाचच्या बससाठी पत्र
(इयत्ता सातवी, मराठी : औपचारिक पत्रलेखन)

शाळा ५ वाजता सुटते, फाट्यावरून बस ५ वाजून ५ मिनिटांनी निघते आणि फाटा दीड किलोमीटरवर. दप्तर सावरत कितीही पळा, लाल बस पाठमोरीच दिसते. पुढची थेट पावणेसातला. पवारवाडी आणि ठाकरवाडीच्या १४ जणांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून या वेळी पत्रलेखनाचा नुसता सराव करायचा नाही. ही बस साडेपाचला सोडा, असं पत्र लिहायचं आणि ते खरंच द्यायचं.

कोणाला? वर्गातून पहिलं उत्तर आलं, "कंडक्टरकाकांना." ते बिचारे मिनिटभर थांबतीलही, पण वेळापत्रक त्यांच्या हातात नाही. विनंती जाईल तालुक्याच्या आगार व्यवस्थापकांकडे.

आधी गेल्या वर्षीच्या सातवीने दिलेलं हे पत्र वाचा.

दिनांक : ९ डिसेंबर २०२४

प्रति,
मा. सरपंच,
ग्रामपंचायत कार्यालय, निंबगाव.

(मा. मुख्याध्यापकांमार्फत)

विषय : फाट्याच्या रस्त्यावरील तीन बंद दिवे सुरू करण्याबाबत.

महोदया,

आम्ही जिल्हा परिषद शाळा, निंबगाव येथील इयत्ता सातवीचे विद्यार्थी आहोत. शाळेपासून फाट्यापर्यंतच्या रस्त्यावर ९ दिवे आहेत. त्यांपैकी ओढ्यावरच्या पुलाजवळचे ३ दिवे दिवाळीपासून बंद आहेत.

संध्याकाळच्या बसने घरी जाणारी मुले याच रस्त्याने चालत जातात. सध्या सहानंतर पुलावर काहीच दिसत नाही. २ डिसेंबरला आमच्या वर्गातील एक विद्यार्थी तिथल्या खड्ड्यात पडला. त्याच्या गुडघ्याला ३ टाके घालावे लागले.

तरी हे दिवे लवकर सुरू करावेत, ही विनंती. खांबांची जागा दाखवणारा कच्चा नकाशा सोबत जोडला आहे.

आपली विश्वासू,
ओवी शिंदे
वर्गप्रतिनिधी, इयत्ता सातवी,
जिल्हा परिषद शाळा, निंबगाव.

सोबत : खांबांचा नकाशा

विषयाची ओळ झाकून पत्र पुन्हा वाचा. नेमकी मागणी कळायला तिसऱ्या परिच्छेदापर्यंत जावं लागतं ना? कार्यालयात रोज ढीगभर कागद येतात. कोणता कागद कोणाकडे द्यायचा, हे त्या एका ओळीवरूनच ठरतं. 'विषय : विनंती अर्ज' असं लिहिणारे मोठेही पुष्कळ आहेत. त्यातून काय कळतं?

'आमचे अतोनात हाल होत आहेत' हे वाक्य या पत्रात कुठेच नाही. तीन टाके आहेत. तेवढे पुरतात. आजोबांच्या पत्रांतलं 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. वाचायला गोड, पण ते घरच्या पत्रात. इथे 'महोदय' किंवा 'महोदया' लिहून थेट कामाचं बोलायचं. सगळा मजकूर डाव्या समासापासून सुरू होतो, हे मात्र चटकन बघून घ्या.

आता प्रत्येकाने बसचं पत्र कच्च्या वहीत लिहा. वेळ २० मिनिटं. मग बाकावरच्या जोडीदाराशी वही बदला.

तपासणाऱ्याने आगारातला कारकून व्हायचं. पत्र एकदाच वाचायचं, वही मिटायची आणि तोंडी सांगायचं : कोण लिहितंय, नेमकं काय हवंय, का हवंय. जे सांगता आलं नाही, तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह. दुरुस्ती करायची नाही, ती ज्याची त्याने. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर शब्दाखाली रेघ पुरे. 'अक्षर घाण आहे' असले शेरे नकोत.

तुकडी ब मध्ये काल असं झालं. एकाने लिहिलं होतं, "बस लवकर जाते, त्यामुळे खूप त्रास होतो. तरी योग्य ती कार्यवाही करावी." जोडीदारणीने तीन प्रश्न काढले : लवकर म्हणजे किती वाजता? त्रास किती जणांना? योग्य ती म्हणजे कोणती? पुन्हा लिहिल्यावर वाक्य असं झालं : "ही बस ५.०५ ला सुटत असल्याने १४ विद्यार्थ्यांना ६.४५ पर्यंत फाट्यावर थांबावे लागते. ती ५.३० ला सोडावी."

पण तिने समासात चौथा प्रश्नही लिहिला होता : "बाजाराहून येणाऱ्या आजींना उशीर होईल, त्याचं काय?" हा प्रश्न मलाही सुचला नव्हता. व्यवस्थापक तो पहिल्यांदा विचारतील. तेव्हा उद्या चौघांनी अर्धा तास आधी निघून फाट्यावर जायचं, नेहमीच्या प्रवाशांना साडेपाच चालेल का ते विचारायचं आणि कोण काय म्हणालं ते वहीत टिपायचं. नको म्हणणारेही टिपा. त्यानंतरच पक्कं पत्र.

ते दोन प्रतींत लिहा. मुख्याध्यापकांची सही झाली की एक प्रत आगारात द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक व तारीख घेऊन यायचं. ती आपली पोच. वर्गाच्या फळ्याशेजारी लावू.