शनिवारची साइट भेट पुढच्या शुक्रवारी: 8 एमएम स्टील आलेलं नाही

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

परवा शनिवारी सकाळी 10 वाजता पहिल्या मजल्याच्या स्लॅबचं स्टील पाहायला तुम्ही साइटवर येणार होतात. ती भेट पुढे ढकलावी लागतेय. नवी वेळ पुढच्या शुक्रवारी सकाळी 10 ची ठरवूया. रविवारी भरायचा स्लॅब आता त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पुढच्या शनिवारी भरू. तुम्ही बाबांनाही घेऊन येणार होतात, बाहेरची कामं बाजूला ठेवून वेळ काढला होतात, त्यामुळे ऐनवेळी कळवताना वाईट वाटतंय.

16 आणि 12 एमएमच्या सळया मंगळवारी आल्या. वजनकाट्यावर वजन बरोबर भरलं, माल लाकडी ठोकळ्यांवर झाकून ठेवलाय. 8 एमएमच्या 170 सळया, साधारण 800 किलो, त्या गाडीत नव्हत्या. मिलमध्ये त्या साइजचं रोलिंग मागे पडलंय, असं डीलरने सांगितलं. आज गुरुवारी दुपारपर्यंत वाट पाहिली. आता शनिवारी गाडी भरून सोमवारी सकाळी माल पोहोचेल, असं त्यांनी लेखी कळवलंय.

800 किलोसाठी सगळं का थांबलं, असं वाटणं साहजिक आहे. बीमच्या रिंगा 8 एमएमच्या आहेत आणि स्लॅबची जाळीही त्याच सळईची, दोन्ही दिशांना 150 मिमी अंतराने. रिंगा नसल्या तर बीमचा सांगाडा उभा राहत नाही आणि बीम बसल्याशिवाय स्लॅबची जाळी अंथरता येत नाही. म्हणून शनिवारी आलात तर तुम्हाला सेंटरिंगच्या रिकाम्या प्लाय दिसल्या असत्या. पंख्याचे पॉइंट, पाइपांचे मार्ग, कव्हर, यातलं तपासण्यासारखं काहीच नसतं.

दोन पर्याय समोर होते, दोन्ही नाकारले. डीलरच्या गोदामात दुसऱ्या मिलची 8 एमएम आहे, पण त्या लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट ते देऊ शकत नाहीत. सर्टिफिकेट नसलेलं स्टील तुमच्या स्लॅबमध्ये जाणार नाही. दुसरा पर्याय 10 एमएम वापरण्याचा. जाळीसाठी 230 मिमी अंतरावर 10 एमएम टाकली की स्टीलचं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच भरतं. अडचण रिंगांची आहे. जाड रिंगांमुळे कॉलम-बीमच्या जोडावर गर्दी होते, तिथे व्हायब्रेटरची सुई नीट उतरत नाही आणि काँक्रीट पोकळ राहण्याचा धोका असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरांशी बोललो, त्यांचंही मत थांबावं असंच पडलं.

सोमवारी माल उतरला की वजन आणि सर्टिफिकेट तपासून लगेच कटिंग आणि रिंगा सुरू होतील. मंगळवारी बीम बसतील, बुधवारी खालची जाळी बांधून तिच्याखाली 20 मिमीचे कव्हर ब्लॉक लागतील. गुरुवारी इलेक्ट्रिशियन पाइप टाकेल आणि त्यावर आधारांवरच्या वरच्या सळया येतील. शुक्रवारी सकाळी तुमची भेट, दुपारी स्ट्रक्चरल इंजिनिअरांची तपासणी. तुम्ही सकाळी काही बदल सांगितलात तर तो करायला दुपारपर्यंत वेळ मिळेल. काँक्रीट पडल्यावर पंख्याचा पॉइंट हलवायचा तर स्लॅब फोडावा लागतो, म्हणून ही भेट जाळी बांधल्यानंतर आणि काँक्रीटच्या आधीच हवी. रेडी-मिक्सची गाडीही त्याप्रमाणे पुढे ढकलली आहे.

मधल्या दिवसांत सेंटरिंगवर ताडपत्री राहील. प्लाय ऊन-पावसात उघडी राहिली की फुगते, सांधे उघडतात आणि काँक्रीटचं पाणी तिथून गळतं. जाळी अंथरण्यापूर्वी प्रॉप्स आणि लेव्हल पुन्हा तपासू. सेंटरिंगचं वाढीव भाडं तुमच्याकडून घेणार नाही. स्लॅबच्या टप्प्याचा हप्ताही स्लॅब भरल्यावरच द्यायचा आहे.

या सहा दिवसांची भरपाई क्युरिंग किंवा प्रॉप्स काढण्याच्या मुदतीतून करणार नाही. प्रॉप्स ठरल्याप्रमाणे 14 दिवस राहतील. वेळ भरून काढायचा तर विटकामावर एक जोडी वाढवून काढू.

तोपर्यंत दोन गोष्टी घरी ठरवून ठेवल्यात तर शुक्रवारी काम पटकन होईल: हॉलमध्ये पंखा एक की दोन, आणि दोन्ही बाथरूममधल्या कमोडचं आउटलेट भिंतीतून की जमिनीतून. जमिनीतून असेल तर स्लॅबमध्ये स्लीव्ह आधीच ठेवावी लागते. बांधलेल्या जाळीवर चालायला फळ्या टाकू, तरी बंद बूट घालून या. बाबांना शिडी चढायला लावू नका, त्यांना खालून फोटो दाखवून समजावता येईल.

सोमवारी दुपारी 2 पर्यंत माल आला की नाही ते मी स्वतः फोन करून सांगेन. गाडीला एक दिवस उशीर झाला तर भेट आणि स्लॅब दोन्ही एक दिवस पुढे जातील.

शुक्रवारी सकाळी 10 ची वेळ जमते का, ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. सकाळी जमत नसेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी 5 ला या. पाइप तेव्हा टाकून झालेले असतील, फक्त वरच्या थोड्या सळया बाकी राहतील.

आपला,
साइट इंजिनिअर