कार्यालयीन कागदपत्रे किती काळ ठेवायची : मुदतपत्रक
(1 एप्रिल 2026 पासून लागू)

आपले कार्यालय अकरा माणसांचे, काम इमारतींच्या स्थापत्य आराखड्यांचे. तीन कपाटे भरली आहेत आणि सर्व्हरवर एकाच बिलाच्या चार-चार प्रती सापडतात. "असू दे, लागेल कधीतरी" हा नियम आजपासून बंद. प्रत्येक प्रकारच्या कागदाला एक मुदत आणि एक सांभाळणारा असेल. खालच्या मुदती लेखापरीक्षक आणि वकील यांच्याकडून तपासून घेतल्या आहेत. पुढे कायद्याने जास्त मुदत सांगितली, तर तीच धरायची.

मुदत कधीपासून मोजायची

कागदावरच्या तारखेपासून नव्हे, तर प्रकरण संपल्यापासून. जून 2021 मध्ये सही झालेल्या कराराचे काम 20 मार्च 2025 ला पूर्ण झाले असेल, तर आठ वर्षे 31 मार्च 2025 पासून धरायची आणि फाइल 31 मार्च 2033 पर्यंत ठेवायची. सोयीसाठी वर्षांत दिलेल्या सगळ्या मुदती आर्थिक वर्षाच्या अखेरीस संपतील. प्रत्येक फाइलच्या कण्यावर "नष्ट करण्याचे वर्ष" फाइल बंद करतानाच लिहावे. नंतर कोणी लिहीत नाही.

लेखा व कर (सांभाळणार : लेखापाल)

खतावणी, रोजकीर्द, विक्री-खरेदीची बिले, व्हाउचर, बँकेची विवरणे : 8 वर्षे. कर विवरणपत्रे व त्यांची पुरवणी कागदपत्रे : 8 वर्षे; अपील चालू असेल तर अंतिम आदेश होईपर्यंत, त्यानंतर वर नेहमीची मुदत. वार्षिक ताळेबंद व लेखापरीक्षण अहवाल : कायम.

पेट्रोल, टोल, हॉटेलच्या पावत्या बहुधा थर्मल कागदावर असतात. उष्णतेने आणि उजेडाने त्यांची छपाई उडते. आठ वर्षांनी हातात कोरा कागद उरेल. अशी पावती आल्याच्या आठवड्यात स्कॅन करून व्हाउचरला जोडावी.

प्रकल्प (सांभाळणार : त्या प्रकल्पाचा प्रमुख)

सही केलेले अंतिम आराखडे, भारगणना, मातीपरीक्षण अहवाल : कायम. इमारत उभी आहे तोवर दुरुस्ती, वाढीव मजला किंवा तडा, यातल्या कशासाठीही कोणीतरी ही गणना मागणारच. डिजिटल प्रत PDF/A स्वरूपात ठेवावी. आराखड्याच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइलही ठेवावी, पण वीस वर्षांनी ती उघडेलच असे गृहीत धरू नये.

जुन्या आवृत्त्यांची एकेकच प्रत, "रद्द" शिक्का मारून, काम पूर्ण झाल्यापासून 8 वर्षे. शिक्का नसलेली जुनी आवृत्ती साइटवर गेली तर सळयांची संख्या चुकते, म्हणून यात सवलत नाही. कच्ची रेखाटने अंतिम आराखडा मंजूर होताच काढून टाकावीत.

करार, देयके, बैठकीची टिपणे, पत्रव्यवहार : 8 वर्षे. ईमेलला वेगळी मुदत नाही. मजकूर ज्या फाइलचा, मुदत त्या फाइलची. ग्राहकाने मोबाइलवर "चालेल, पुढे जा" असा निरोप पाठवला, तर तीही मंजुरीच. तो संवाद त्याच आठवड्यात PDF करून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये टाकावा. तो कोणाच्या तरी खासगी फोनमध्येच राहिला, तर माणूस नोकरी सोडताना मंजुरीही घेऊन जातो.

कर्मचारी (सांभाळणार : कार्यालय व्यवस्थापक)

वैयक्तिक फाइल व पगारपत्रक : नोकरी सोडल्यापासून 8 वर्षे. रजेचे अर्ज : 3 वर्षे. निवड न झालेल्या उमेदवारांचे अर्ज : 6 महिने, मग नष्ट. लोकांची माहिती गरजेपेक्षा जास्त दिवस जवळ बाळगणे हाच धोका आहे.

किरकोळ

भेटींची नोंदवही 1 वर्ष. कुरिअरच्या पावत्या 3 महिने. कॅमेऱ्याचे चित्रण 30 दिवस. जागा, परवाने व भागीदारीची कागदपत्रे कायम.

रोखून ठेवणे

वाद, नोटीस, अपघात किंवा चौकशीची नुसती शक्यता दिसली, तरी त्या विषयाची फाइल, ईमेल, फोनवरचे निरोप, काहीही नष्ट करायचे नाही, मुदत संपलेली असली तरी. फाइलवर लाल पट्टी लावावी. ती काढण्याचा अधिकार फक्त भागीदारांना.

नष्ट करणे

दर एप्रिलमध्ये मुदत संपलेल्या फाइलींची यादी होईल. सांभाळणारा आणि एक भागीदार अशा दोन सह्यांशिवाय काहीही जाणार नाही. कागद श्रेडरमधूनच जाईल, थेट रद्दीत नाही. सर्व्हरवरून पुसलेली फाइल बॅकअपमध्ये 90 दिवस राहते, म्हणून "पूर्ण नष्ट" ही नोंद त्यानंतरच करावी. नाश नोंदवही कायम ठेवायची.

पहिली यादी 30 एप्रिलपर्यंत तयार व्हावी. पहिल्या कपाटापासून सुरुवात करावी. तिथल्या कित्येक फाइलींवर नावही नाही, त्या उघडून बघाव्या लागतील.

— भागीदारांच्या मान्यतेने, कार्यालय व्यवस्थापक