वेदिकाची गैरहजेरी आणि शाळेत परतल्यावरचा आहार: वर्गशिक्षिकांना पत्र

खानापूर, जि. बेळगाव
रविवार, दि. १३ जुलै २०२५

प्रति,
माननीय वर्गशिक्षिका,
इयत्ता चौथी, मराठी माध्यम

विषय: पोटाच्या संसर्गामुळे दि. ८ ते १२ जुलै या काळात झालेली गैरहजेरी आणि पुढील दोन आठवड्यांचे पथ्य

सा. न. वि. वि.

माझी मुलगी कु. वेदिका आपल्या वर्गात शिकते. मंगळवार, दि. ८ जुलैपासून शनिवार, दि. १२ जुलैपर्यंत ती आजारपणामुळे शाळेत येऊ शकली नाही. तिच्या वडिलांनी मंगळवारी सकाळी आपल्याला फोनवर कळवले होते, परंतु उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळीवर जाण्याच्या घाईत त्यांना सविस्तर बोलता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे.

सोमवारी रात्री तिला अचानक उलट्या सुरू झाल्या आणि पहाटेपर्यंत पाण्यासारखे जुलाब व अंगात ताप असा त्रास वाढला. सकाळी दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तेव्हा ती लगेच सपाट न होता क्षणभर तशीच उभी राहिली. शरीरातले पाणी कमी झाल्याची ती खूण असल्याचे त्यांनी मला दाखवून सांगितले आणि दुपारपर्यंत सलाईन लावले. शौचात रक्त नसल्यामुळे अँटिबायोटिकची गरज नाही, हा बहुधा विषाणूचा संसर्ग आहे आणि तो आपोआप ओसरेल, असे त्यांचे मत पडले. हा संसर्ग नेमका कशातून झाला हे सांगता येत नाही. मात्र गेल्या पंधरवड्याच्या पावसाने आमच्या गल्लीतल्या विहिरीचे पाणी गढूळ झाले आहे आणि आसपासच्या दोन-तीन घरांतही असाच त्रास झाला आहे, त्यामुळे वर्गातल्या इतर पालकांनाही पाणी उकळून देण्याविषयी आपण सांगितल्यास बरे होईल.

गुरुवारी सकाळनंतर तिला जुलाब झालेले नाहीत. शुक्रवारी तर ती ओसरीवर सागरगोटे खेळत बसली होती, आणि खेळू शकते तर शाळेत का पाठवत नाही असे तिच्या आज्जीनेही विचारले. परंतु शेवटच्या जुलाबानंतर किमान ४८ तास मुलाला शाळेत पाठवू नये, कारण बरे वाटू लागल्यावरही संसर्ग दुसऱ्यांना लागू शकतो, असे डॉक्टरांनी बजावले होते. शुक्रवार-शनिवारची रजा त्यासाठी घेतली आहे. सोमवार, दि. १४ जुलैपासून ती नियमित येईल.

आता मुख्य विनंती आहे ती खाण्यापिण्याची. शाळेत सकाळी मिळणारे क्षीरभाग्य योजनेचे दूध तिला साधारण दोन आठवडे, म्हणजे २८ जुलैपर्यंत, देऊ नये. नाचणीचे पीठ घालून दूध देतात त्या दिवशीही तिला ते नको. अशा आजारात लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि दुधातली साखर पचवणारा पाचकरस काही दिवस कमी पडतो. त्यामुळे एरवी पचणारे दूधही पोट फुगवते व जुलाब पुन्हा सुरू करते. अस्तर भरून आले की हा त्रास जातो, म्हणजे दूध कायमचे बंद नाही, एवढे तिलाही समजावले आहे. ताजे दही आणि ताक मात्र चालते, कारण विरजणामुळे त्यातली ती साखर बरीच कमी होते. वेदिकाला दूध आवडते, तेव्हा रांगेत उभी राहून ती पेला पुढे करेल हे मी धरूनच चालले आहे. त्या वेळी कृपया तिला थांबवावे.

दुपारच्या बिसीऊटातला साधा भात ती खाऊ शकते, परंतु तिखट सांबार या आठवड्यात नको. मी तिच्याबरोबर डब्यात मुगाच्या डाळीची मऊ खिचडी किंवा ताकभात देईन. वर्गात इतर मुलांबरोबर बसूनच तिला डबा खाऊ द्यावा, वेगळे बसवू नये, नाहीतर ती तो तसाच घरी परत आणेल. अंडे किंवा केळ देण्याच्या दिवशी तिला केळ द्यावे. कुरकुरे, चिंच, बर्फाचा गोळा आणि वाढदिवसाला मुले वाटतात तो कुंदा किंवा पेढा, हे सर्व सध्या वर्ज्य आहे. कुणी दिले तर ते घरी आणून माझ्याकडे द्यायचे, असे आमचे ठरले आहे.

तिच्याकडे दोन बाटल्या असतील. निळ्या झाकणाच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी आणि पांढऱ्या झाकणाच्या बाटलीत ओआरएस असेल. ओआरएसचे पाकीट घरीच १ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून त्यातले बाटलीत भरून देते. त्यात शाळेत पाणी किंवा साखर मिसळू नये, कारण प्रमाण बिघडले की त्याचा उपयोग राहत नाही. पांढऱ्या बाटलीतले पाणी फक्त शौचाला पातळ झाल्यास प्यायचे आहे. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस रोज एक अशी चालू आहे आणि ती रात्री घरी दिली जाते, त्यामुळे शाळेत कोणतेही औषध द्यावे लागणार नाही.

तिने शौचाला जायचे म्हटल्यास तास चालू असला तरी लगेच सोडावे, ही नम्र विनंती. हात साबणाने धुण्याची आठवण करून दिल्यास उपकार होतील. अशा विषाणूंवर नुसते सॅनिटायझर पुरेसे पडत नाही, म्हणून तिच्या दप्तरात साबणाची छोटी वडी ठेवली आहे. खो-खोचा सराव आणि कवायत यांतून तिला या आठवड्यापुरती सूट द्यावी. पुन्हा पातळ शौच किंवा उलटी झाली, ती गळून बसली किंवा बराच वेळ लघवीला गेली नाही, तर शाळेच्या नोंदवहीतील माझ्या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, मी पाव तासात येऊन घेऊन जाईन. तोवर तिला जुलाब थांबवण्याची गोळी कुणीही देऊ नये. लहान मुलांना ती घातक ठरू शकते, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

अभ्यासाचे म्हणाल तर गणित आणि मराठीच्या वह्या मी तिच्या मैत्रिणीकडून आणून पुऱ्या करून घेते आहे. कन्नडचे मात्र मला फारसे साहाय्य करता येत नाही, आणि याच आठवड्यात जोडाक्षरे शिकवून झाल्याचे कळते. त्यांचा सराव कोणत्या पानांवरून घ्यावा हे तिच्या डायरीत लिहून दिल्यास तिचे मामा, ज्यांचे शिक्षण कन्नडमधून झाले आहे, तो करून घेतील. या काळात चाचणी झाली असल्यास ती नंतर घेता येईल का, हेही कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
सुनंदा
(कु. वेदिकाची आई)

सोबत: डॉक्टरांचे प्रमाणपत्र