घरकामगार महिलांच्या मुलाखतींसाठी नीतिमत्ता मंजुरीचा अर्ज

प्रति,
सदस्य सचिव, संस्थात्मक नीतिमत्ता समिती

विषय : 'आजारपण आणि सुट्टी' या अभ्यासातील मुलाखतींना मंजुरी मिळण्याबाबत

आजारी पडल्यावर घरकामगार महिलांना सुट्टी मिळते का आणि ती घेतल्यावर काय भोगावे लागते, हे समजून घेण्यासाठी २४ मुलाखती प्रस्तावित आहेत. १२ जणी मालकाच्याच घरी राहणाऱ्या, १२ जणी रोज ये-जा करणाऱ्या. सर्व १८ वर्षांवरील. प्रत्येक मुलाखत सुमारे ६० मिनिटांची. मंजुरीपूर्वी कोणाशीही संपर्क साधणार नाही.

जोखीम. फॉर्ममध्ये 'किमान जोखीम' या पर्यायावर आम्ही खूण केलेली नाही. प्रश्न साधे आहेत, पण मालकाला कळले तर काम जाऊ शकते, आणि राहत्या बाईचे काम गेले की डोक्यावरचे छप्परही त्याच दिवशी जाते.

संपर्क. मालकामार्फत एकीलाही बोलावणार नाही. मालकाने पाठवलेल्या बाईला 'नाही' म्हणता येत नाही. घरकामगार संघटनेची कार्यकर्ती फक्त माहिती देईल. इच्छुक बाई मिस्ड कॉल देईल. कोण आले, कोण नाही, हे कार्यकर्तीलाही सांगणार नाही. उलट फोन केल्यावर दुसऱ्या कोणी उचलला तर विषय न काढता ठेवून देऊ.

जागा. कामाचे घर नको, तिथे कॅमेरा असू शकतो. बाईचे स्वतःचे घरही नेहमी सोयीचे नसते. सासू, नवरा, शेजारीण कानोसा घेत असतात. म्हणून दार लागेल अशी खोली, वेळ तिच्या सवडीची. मध्येच कोणी आले तर मुलाखतकार रोजच्या कामाच्या वेळांबद्दल विचारू लागेल. हे आधीच ठरवून घेऊ.

संमती. सही घेणार नाही. सहीचा कागद म्हणजे नावाचा पुरावा, आणि घरी सापडला तर प्रश्न उभे राहतात. तोंडी संमतीचे शब्द असे :

"ताई, तुम्ही नाही म्हणालात तरी संघटनेतलं तुमचं काही अडणार नाही. एखादा प्रश्न नको वाटला तर 'पुढचा' म्हणा. मधेच उठलात तरी पैसे तुमचेच. आता मी काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत सांगाल?"

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. नुसत्या "हो"वर मुलाखत सुरू होणार नाही. रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी विचारू. नकार असेल तर हाताने टिपणे.

मोबदला. तीन तासांची मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च, मुलाखतीला बसताच, आधीच. शेवटी दिला तर पैशांसाठी बाई नकोशा प्रश्नांनाही उत्तर देत राहते. मोठी रक्कमही याच कारणाने टाळली आहे.

गोपनीयता. फाइलला नाव नाही, फक्त संकेतांक. संकेतांकाची यादी वेगळ्या कूटबद्ध फाइलमध्ये. मुलाखत लिहून झाल्यावर १४ दिवसांत ध्वनिमुद्रण पुसू. माघार २१ दिवसांपर्यंत घेता येईल. त्यानंतर यादी नष्ट होईल, मग कोणती मुलाखत कोणाची हे आम्हालाही सांगता येणार नाही. केवळ नाव बदलून भागत नाही : 'जुळ्यांना सांभाळणारी, सातव्या मजल्यावरची' एवढ्यावर मालक ओळखतो. असे तपशील बदलू किंवा गाळू.

गोपनीयतेला मर्यादा दोनच, आणि त्या सुरुवातीलाच सांगू : जिवाला तातडीचा धोका, किंवा लहान मुलावर अत्याचार. प्रौढ बाईने स्वतःवरील मारहाण सांगितली तर तिच्या इच्छेविना तक्रार नाही. मदतीचे क्रमांक शिवणवर्गाच्या माहितीसारख्या दिसणाऱ्या छोट्या कार्डावर देऊ. हवे असेल तरच.

सोबत : प्रश्नावली, संमतीचा मजकूर, मदत कार्डाचा नमुना, मुलाखतकारांच्या गोपनीयतेच्या हमीपत्राचा नमुना.

प्रमुख संशोधक